दिलेले बीजक दुरुस्त केले आणि हिशेब जुळेना : क्रेडिट नोट व नवीन बीजक यांनी दुरुस्ती कशी करावी

ही अडचण बहुधा एकाच रूपात समोर येते. मागच्या महिन्याचे खाते बंद झालेले असते, कराचे विवरणपत्र भरून झालेले असते, आणि काही दिवसांनी त्याच महिन्याचा विक्रीचा अहवाल पुन्हा काढला की बेरीज वेगळी येते. नवी नोंद कोणी केल्याचे आठवत नाही, एकही बीजक गहाळ नाही, क्रमांकांची मालिकाही अखंड आहे. तरीही आकडा हललेला आहे. दुसरीकडे ग्राहकाकडून खातेउतारा येतो, त्यात आपल्याला त्याच्याकडून येणे असलेली रक्कम निराळीच दिसते, आणि दोन्ही बाजू आपापला कागद दाखवून आपणच बरोबर असल्याचे सांगतात. दोन्ही कागदांवर क्रमांक मात्र एकच असतो.

हे कारण शोधायला फार खोल जावे लागत नाही. कोणीतरी ग्राहकाला पाठवून झालेले बीजक संगणकात उघडले, त्यातला चुकीचा आकडा खोडून बरोबर आकडा घातला, जतन केले आणि नवी प्रत पाठवून दिली. हेतू चांगलाच होता. पण बीजक एकदा क्रमांकासह आपल्या हातून गेले की ते केवळ आपले राहत नाही. त्याची एक नोंद आपल्या विक्रीखात्यात असते, दुसरी ग्राहकाच्या खरेदीखात्यात असते, आणि कराच्या दृष्टीने तिसरी नोंद दोघांच्याही विवरणपत्रांत असते. आपण आपल्याकडची एक बदलतो तेव्हा उरलेल्या दोन आपोआप बदलत नाहीत.

पुढचे सगळे विवेचन एकाच उदाहरणाच्या आधाराने करतो. आकडे सोपे घेतले आहेत आणि चलन मुद्दामच लिहिलेले नाही.

बीजक क्रमांक ४१७, तारीख २८ मार्च. एका वस्तूचे ४० नग, दर १,२५०, म्हणजे मूळ किंमत ५०,०००. त्यावर १० टक्के कर ५,०००. एकूण ५५,०००. ग्राहकाने ५ एप्रिलला या बीजकापोटी २०,००० भरले. १० एप्रिलला मार्चचे खाते बंद झाले. १६ एप्रिलला ग्राहकाकडून निरोप आला की खरेदी आदेशात ठरलेला दर १,१५० होता, १,२५० नव्हे. त्याचे म्हणणे खरे होते. बरोबर बीजक ४६,००० आणि कर ४,६०० असे मिळून ५०,६०० चे व्हायला हवे होते. विक्री विभागातल्या एकाने त्याच दिवशी ४१७ उघडले, दर बदलला आणि नवी प्रत ग्राहकाला पाठवली.

आता काय झाले ते पाहा. मार्चची विक्री समजा ८,४०,००० इतकी नोंदवून बंद केली होती, ती आता ८,३६,००० दिसू लागली. करही ४०० ने घटला, पण भरलेल्या विवरणपत्रात जुनाच आकडा राहिला. ग्राहकाच्या लेखा विभागाने पहिली प्रत मार्चमध्येच नोंदवलेली होती, त्यामुळे दुसरी प्रत आली तेव्हा त्याच्या प्रणालीने तिला ‘हा क्रमांक आधीच नोंदलेला आहे’ असे सांगून नाकारले. पुरवठादार आणि बीजक क्रमांक ही जोडी दुसऱ्यांदा न स्वीकारणे ही एकच बिल दोनदा भरले जाऊ नये म्हणून ठेवलेली जुनी खबरदारी आहे, आणि ती योग्यच आहे. परिणामी त्याच्याकडे देणे ३५,००० राहिले आणि आपल्याकडे येणे ३०,६०० राहिले. फरक ४,४०० चा.

आधी निदान करावे

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी बीजक खरोखर बदलले गेले आहे काय, हे नक्की करून घ्यावे, कारण ताळमेळ न बसण्याची कारणे इतरही असतात. सर्वांत विश्वासार्ह पुरावा म्हणजे ग्राहकाला प्रत्यक्ष पाठवलेली पहिली प्रत. ती पाठवलेल्या ईमेलला जोडलेली सापडते. प्रणालीतून आज पुन्हा काढलेली प्रत पुरावा म्हणून चालत नाही, कारण बऱ्याच प्रणाली छापील प्रत दर वेळी आजच्या माहितीवरून नव्याने बनवतात. जुन्या तारखेचे बीजक आज छापले तर त्यावर आजचा दर, आजचा पत्ता, कधी कधी आजचे बोधचिन्हही येते. पाठवलेली प्रत आणि आज काढलेली प्रत शेजारी ठेवून ओळीओळीने ताडून पाहावे.

प्रणालीत बदलांची नोंदवही ठेवली जात असेल तर तीही पाहावी. ज्यांना डेटाबेसमध्ये थेट पाहता येते त्यांना अशी चौकशी करता येईल. तक्त्यांची आणि रकान्यांची नावे अर्थातच प्रत्येक ठिकाणी वेगळी असतील.

```sql
SELECT invoice_no, issued_at, updated_at, total
FROM invoices
WHERE status = 'issued'
  AND updated_at > issued_at;
```

या यादीवर एकदम विश्वास ठेवू नये. ग्राहकाचे पैसे जमा झाले किंवा स्मरणपत्र गेले तरी अनेक प्रणालींत `updated_at` पुढे सरकतो. त्यामुळे यादीत निर्दोष बीजकेही भरपूर येतात. यादी हा केवळ शोधाचा आरंभ समजावा आणि निर्णय पाठवलेल्या प्रतीवरूनच करावा.

येथेच एक सीमारेषा स्पष्ट करून ठेवतो. मसुदा स्थितीत असलेले, क्रमांक न पडलेले आणि बाहेर न गेलेले बीजक हवे तसे बदलावे, त्याला क्रेडिट नोट, म्हणजे दिलेल्या बीजकाची रक्कम ग्राहकाच्या नावावरून उतरवणारा कागद, लागत नाही. तसेच आतल्या आत लिहिलेला शेरा किंवा कोणत्या विक्रेत्याच्या नावे विक्री मोजायची यांसारख्या, ग्राहकाच्या प्रतीवर न छापल्या जाणाऱ्या गोष्टी बदलण्यासही हरकत नाही. प्रतीवर छापलेली आणि रक्कम, कर, तारीख किंवा पक्ष यांच्याशी संबंध असलेली कोणतीही गोष्ट मात्र या रेषेच्या पलीकडे जाते.

बदललेले बीजक आधी पूर्ववत करावे

येथे बहुतेक जण अडखळतात. बीजक ४१७ आता प्रणालीत ५०,६०० चे दिसते आहे. त्यावर तसेच ५०,६०० ची क्रेडिट नोट काढली तर आपल्याकडे हिशेब शून्य होईल, पण ग्राहकाकडे ५५,००० चे बीजक नोंदलेले असल्याने त्याच्या वहीत ४,४०० लोंबकळत राहतील, आणि मार्चचा आकडाही बिघडलेलाच राहील. म्हणून पहिले काम म्हणजे ४१७ ला त्याच्या मूळ रूपात परत आणणे: दर १,२५०, मूळ किंमत ५०,०००, कर ५,०००, एकूण ५५,०००.

‘बीजक बदलू नये म्हणता आणि स्वतःच पुन्हा बदलायला सांगता’ असा आक्षेप येथे येतो, आणि तो वाजवी आहे. हा एकच अपवाद मी मान्य करतो, कारण येथे आपण बाहेर गेलेल्या कागदाशी प्रणालीला पुन्हा जुळवून घेतो, बाहेरचा कागद बदलत नाही. मात्र हे काम ज्याने चूक केली त्याने एकट्याने करू नये. लेखाप्रमुखाच्या संमतीने, कारण लेखी नोंदवून, आणि पाठवलेली पहिली प्रत त्या नोंदीला जोडून करावे. पूर्ववत केल्यावर मार्चचा विक्री अहवाल पुन्हा काढावा. तो ८,४०,००० आणि कर ८४,००० असा, म्हणजे विवरणपत्रात भरलेल्या आकड्यांइतकाच, आला तरच पुढे जावे. आला नाही तर मार्चमध्ये आणखी कुठले तरी बीजक हललेले आहे, आणि ते आधी शोधावे.

ग्राहकाला गेलेल्या दुसऱ्या प्रतीचेही काहीतरी करावे लागते. तिला मागे घेत असल्याचे त्याला लेखी कळवावे: क्रमांक ४१७ ची २८ मार्चला पाठवलेली ५५,००० ची प्रत हीच खरी, १६ एप्रिलला पाठवलेली प्रत रद्द समजावी, आणि चुकलेल्या दराची दुरुस्ती क्रेडिट नोटने स्वतंत्रपणे येत आहे. हे तीन मुद्दे पुरेसे आहेत. माफीचे लांबलचक पत्र पाठवल्यास लेखा विभागातल्या माणसाला त्यातून नेमके काय करायचे ते शोधत बसावे लागते.

पूर्ण क्रेडिट नोट की फरकापुरती

या उदाहरणात फक्त दर चुकला आहे, तेव्हा ४,००० आणि त्यावरचा कर ४०० अशी ४,४०० ची क्रेडिट नोट देऊनही येणे बरोबर होते. कमी कागदांत काम होते म्हणून अनेक हिशेबनीस हाच मार्ग पसंत करतात, आणि नग कमी पोहोचले, काही माल परत आला किंवा नंतर सूट दिली अशा वेळी तोच योग्य असतो. त्या बीजकात चूक नसते, घटना नंतर घडलेली असते.

येथे मी पूर्ण क्रेडिट नोट आणि नवे बीजक असाच मार्ग घेईन. कारण ग्राहकाची प्रणाली खरेदी आदेश, माल मिळाल्याची पावती आणि बीजक या तिघांना ओळीनुसार ताडून पाहते. आदेशात ४० नग १,१५० दराने आहेत, बीजकात ४० नग १,२५० दराने आहेत. फरकापुरती क्रेडिट नोट दिली तरी बीजकाची ओळ आदेशाशी जुळत नाही ती नाहीच, आणि ते बिल मंजुरीसाठी अडकून पडते. ग्राहकाचे नाव किंवा कर नोंदणी क्रमांक चुकला असेल, कराचा दर किंवा प्रकार चुकला असेल, किंवा चलनच चुकले असेल, तर फरक काढायला जागाच उरत नाही आणि पूर्ण क्रेडिट नोट अपरिहार्य ठरते.

पूर्ण क्रेडिट नोट काढण्यापूर्वी एक गोष्ट तपासायला विसरू नये. त्याच बीजकावर आधी कोणी फरकापुरती क्रेडिट नोट दिली आहे काय? समजा आधी २,२०० ची दिली असेल आणि आता ५५,००० ची दिली, तर एकूण जमा मूळ बीजकापेक्षा जास्त होते. अशा वेळी उरलेल्या ५२,८०० चीच द्यावी लागते. काही प्रणाली हे अडवतात, काही मुकाट्याने होऊ देतात.

क्रेडिट नोट म्हणजे मूळ बीजकाचा आरसा

क्रेडिट नोटमध्ये मूळ बीजक जसेच्या तसे, चुकांसकट, उलटवायचे असते. हे ऐकायला सोपे वाटते, पण निम्म्या अडचणी येथेच उद्भवतात. लिहिणाऱ्याचा हात बरोबर आकडा घालायला शिवशिवतो. येथे दर १,२५० च लिहायचा, १,१५० नाही. ग्राहकाचे नाव चुकले असल्यास क्रेडिट नोटवर ते चुकीचेच नाव यायला हवे, कारण ज्याच्या नावे रक्कम टाकली त्याच्याच नावावरून ती उतरवायची असते. बरोबर माहितीची जागा नव्या बीजकात आहे.

म्हणून क्रेडिट नोट हाताने भरू नये. प्रणालीत मूळ बीजकावरूनच ती तयार करण्याची सोय असते, तीच वापरावी. त्यामुळे ओळी, दर आणि पूर्णांकनही मुळासारखेच येते. एका बीजकात कर प्रत्येक ओळीवर काढून मग बेरीज केलेली असेल आणि क्रेडिट नोटमध्ये तो एकूण रकमेवर काढला गेला, तर शेवटच्या अंकात फरक पडतो आणि खात्यात एखाद-दुसऱ्या पैशाइतकी शिल्लक वर्षानुवर्षे पडून राहते.

सोय वापरूनही कराचा दर तपासावाच लागतो. समजा १ एप्रिलपासून या वस्तूवरील कर १० ऐवजी १२ टक्के झाला. काही प्रणाली क्रेडिट नोटच्या तारखेचा दर उचलतात, आणि ५५,००० ऐवजी ५६,००० ची क्रेडिट नोट तयार होते. ती ४१७ ला लावल्यावर १,००० शिल्लक राहतात. अशी अकारण उरलेली रक्कम दिसली की आधी कराचा दर पाहावा, बहुतेक वेळा उत्तर तेथेच असते. परकीय चलनातल्या बीजकात हाच घोटाळा विनिमय दराने होतो. क्रेडिट नोट आजच्या दराने रूपांतरित झाली तर ग्राहकाच्या चलनात हिशेब शून्य दिसतो, पण आपल्या चलनात घडलेलाच नसलेला नफा किंवा तोटा नोंदला जातो. मूळ बीजकाचा विनिमय दर हाताने घालणे हा त्यावरचा साधा उपाय आहे.

तारीख मात्र मूळ बीजकाची घ्यायची नाही. क्रेडिट नोट ज्या दिवशी दिली त्या दिवसाची, येथे समजा २२ एप्रिलची, तारीख तिच्यावर असते. मागची तारीख घातली तर बंद झालेला मार्च पुन्हा हलेल आणि आपण सुरुवातीच्याच जागी परत येऊ. चूक ज्या काळात दुरुस्त झाली त्याच काळात तिचा परिणाम दिसतो, मार्चचे आकडे भरले तसेच राहतात. करातील घट नेमक्या कोणत्या विवरणपत्रात आणि किती मुदतीत दाखवता येते, हे त्या त्या कायद्यावर अवलंबून असते. अशी मुदत अनेक करव्यवस्थांत ठरवून दिलेली असते, म्हणून वर्ष उलटून गेलेल्या बीजकाच्या बाबतीत क्रेडिट नोट काढण्याआधी कर सल्लागाराला विचारावे. बीजके कर विभागाच्या प्रणालीत नोंदवावी लागतात अशा ठिकाणी रद्द करण्याची वेगळी आणि बहुधा फार थोड्या वेळेची सोय असते. ती वेळ टळली की क्रेडिट नोटचाच मार्ग उरतो.

क्रेडिट नोटवर तिचा स्वतःचा क्रमांक, मूळ बीजकाचा क्रमांक व तारीख, आणि कारण हे यायलाच हवे. कारण लिहिताना ‘दुरुस्ती’ एवढ्यावर भागवू नये. ‘खरेदी आदेशातील ठरलेला दर १,१५० असताना १,२५० आकारला गेला’ असे लिहिले तर वर्षाने आलेल्या लेखापरीक्षकाला कोणालाही बोलवावे लागत नाही.

बीजके इलेक्ट्रॉनिक स्वरूपात पाठवली जात असतील, तर हा संबंध छापील शेऱ्यात नव्हे तर ठरलेल्या जागी द्यावा लागतो. यूबीएल या प्रमाणरूपात क्रेडिट नोट हा वेगळाच दस्तऐवज असतो. संयुक्त राष्ट्रांच्या दस्तऐवज-प्रकारांच्या संकेतयादीत साध्या व्यापारी बीजकाला ३८० आणि क्रेडिट नोटला ३८१ हा संकेत आहे. मूळ बीजकाचा उल्लेख असा येतो:

```xml
<cbc:CreditNoteTypeCode>381</cbc:CreditNoteTypeCode>
<cac:BillingReference>
  <cac:InvoiceDocumentReference>
    <cbc:ID>417</cbc:ID>
    <cbc:IssueDate>2025-03-28</cbc:IssueDate>
  </cac:InvoiceDocumentReference>
</cac:BillingReference>
```

येथे एक हमखास होणारी चूक सांगून ठेवतो. क्रेडिट नोटमधील रकमा धन चिन्हानेच लिहायच्या असतात, कारण दस्तऐवजाचा प्रकारच ती वजावट असल्याचे सांगतो. ३८१ संकेत देऊन वर नग उणे ४० लिहिले तर दोन उण्यांचे मिळून अधिक होते, आणि घेणाऱ्याच्या प्रणालीत देणे कमी होण्याऐवजी दुप्पट झाल्याची उदाहरणे घडतात.

नवे बीजक

नव्या बीजकाला मालिकेतला पुढचा मोकळा क्रमांक द्यावा, येथे समजा ४५२. ‘४१७-अ’ किंवा ‘४१७ सुधारित’ असे क्रमांक देण्याचा मोह टाळावा. क्रमांकाच्या रकान्यातील अक्षरे काही प्रणाली गाळून टाकतात, आणि मग ४१७ दुसऱ्यांदा आल्याचे समजून तेच नाकारणे पुन्हा होते. ४५२ वर ‘बीजक ४१७ च्या जागी, क्रेडिट नोट क्रमांक अमुक पाहावी’ असा उल्लेख असावा.

बीजकाची तारीख २२ एप्रिल, पण माल दिल्याची तारीख मूळचीच, म्हणजे मार्चमधली राहील. या दोन तारखा वेगळ्या रकान्यांत येतात आणि दोन्ही छापल्या जातील हे पाहावे. कराचा कोणता दर लागू होईल हे ठरवताना कायदा बऱ्याचदा पुरवठ्याची तारीख पाहतो, तेव्हा ती गाळल्यास नव्या बीजकावर विनाकारण नवा दर लागू शकतो.

पैसे देण्याच्या मुदतीबद्दल प्रणाली आपल्या मनाने निर्णय घेते, तो तपासावा. ३० दिवसांची मुदत असेल तर ४५२ ची मुदत आपोआप २२ मेपर्यंत जाते, तर मूळ मुदत २७ एप्रिलला संपत होती. चूक आपली असल्याने पुढची मुदत देणे मला रास्त वाटते, पण ते ठरवून द्यावे आणि बीजकावर लिहावे. न बोलता सरकलेल्या मुदतीवरून पुढे विलंबाच्या व्याजाचे वाद होतात.

दोन्ही कागद निघाल्यावरही येणे चुकीचे दिसते तेव्हा

क्रेडिट नोट निघाली, नवे बीजक निघाले, ग्राहकाच्या खात्याची एकूण बाकी ३०,६०० दिसते, म्हणून काम संपले असे समजून पुष्कळ जण येथे थांबतात. आणि मग २७ एप्रिल उलटताच ग्राहकाला ४१७ चे ३५,००० थकल्याचे स्मरणपत्र आपोआप जाते. ग्राहक चिडतो, आणि त्याचे चिडणे योग्य असते.

कारण असे की क्रेडिट नोट काढणे आणि ती बीजकाला लावणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. लावलेली नसेल तेव्हा खात्यात ४१७ चे ३५,००० येणे उघडे, क्रेडिट नोटचे ५५,००० जमा मोकळे, आणि ४५२ चे ५०,६०० येणे उघडे अशा तीन नोंदी असतात. ३५,००० वजा ५५,००० अधिक ५०,६०० केले तरी उत्तर ३०,६०० च येते. म्हणजे एकूण बाकी पाहून ही चूक कधीच कळणार नाही. ती कळते बाकीची बीजकवार फोड पाहिल्यावर.

दुरुस्तीचा क्रम असा ठेवावा. आधी ५ एप्रिलला आलेले २०,००० बीजक ४१७ वरून सोडवून घ्यावेत, त्यामुळे ४१७ पुन्हा पूर्ण ५५,००० ने उघडे होईल. मग क्रेडिट नोट पूर्णपणे ४१७ ला लावावी, म्हणजे दोन्ही शून्य होऊन बंद होतील. शेवटी मोकळे झालेले २०,००० नव्या ४५२ ला लावावेत. आता खात्यात एकच उघडी नोंद राहते: ४५२ चे ३०,६००.

२०,००० तसेच ४१७ वर ठेवून क्रेडिट नोटचे ३५,००० त्याच बीजकाला आणि उरलेले २०,००० ४५२ ला लावले तरी बाकी तेवढीच येते, आणि काही प्रणाली आपोआप असेच करतात. ते चूक नाही, पण मला ते आवडत नाही. त्यात ग्राहकाचे खरे पैसे रद्द झालेल्या बीजकापोटी आल्याचे दिसते आणि क्रेडिट नोट दोन ठिकाणी विभागली जाते. ग्राहक त्याच्याकडे बहुधा सरळ मार्गाने नोंद करतो, आणि मग पुढच्या खातेउताऱ्यात बाकी जुळूनही नोंदी जुळत नाहीत.

मालसाठा

माल विकणाऱ्यांसाठी आणखी एक सापळा आहे. विक्रीच्या नोंदीला मालसाठा जोडलेला असेल तर क्रेडिट नोट काढताना प्रणाली ४० नग गोदामात परत आल्याचे धरते, आणि नव्या बीजकाने ते पुन्हा बाहेर गेल्याचे धरते. नगांची संख्या शेवटी बरोबर येते, पण त्यांच्या किमतीबद्दल तसे सांगता येत नाही. परत आलेले नग मूळ खर्चाने न येता आजच्या सरासरी खर्चाने आले तर विकलेल्या मालाचा खर्च, आणि त्यामागून नफा, थोडा सरकतो.

याहून वाईट प्रकार म्हणजे दोघांपैकी एकच कागद साठ्याला हात लावतो. क्रेडिट नोटने ४० नग परत घेतले, पण नवे बीजक नुसत्या वर्णनाची ओळ टाकून बनवले, तर गोदामात नसलेले ४० नग वहीत उभे राहतात आणि वर्षअखेरच्या मोजणीत चोरीचा संशय घेतला जातो. माल जागचा हललेला नसताना दोन्ही कागदांवर साठ्याशी संबंध बंद करणे किंवा दोन्हींवर तो चालू ठेवणे, यांपैकी एकच निवडावे. बंद करण्याची सोय असेल तर मी ती निवडतो.

पुन्हा होऊ नये म्हणून

सूचनापत्रक काढून हे थांबत नाही, कारण बीजक उघडून आकडा बदलणे हाच नेहमी सर्वांत जवळचा रस्ता असतो. तो रस्ता प्रणालीतच बंद करावा लागतो. क्रमांक पडल्यावर रक्कम, कर, तारीख आणि ग्राहक हे रकाने कोणालाच बदलता येणार नाहीत, अशी अधिकारांची रचना करावी. पाठवलेली प्रत नव्याने न बनवता जशी पाठवली तशीच फाइल म्हणून साठवावी. महिना बंद झाल्यावर त्या काळावर कुलूप ठेवावे. आणि हे करताना क्रेडिट नोट काढण्याचा अधिकार ज्यांना ग्राहकाशी रोज बोलावे लागते त्यांच्यापासून फार दूर ठेवू नये. एका मंजुरीसाठी चार दिवस लागू लागले की लोक बीजक बदलण्याची दुसरी वाट शोधून काढतात, म्हणून विनंती त्यांनी करावी आणि मंजुरी लेखा विभागाने त्याच दिवशी द्यावी.

दर महिन्याला खाते बंद करताना त्या महिन्याची विक्री आणि कर यांची बेरीज वेगळ्या फाइलमध्ये लिहून ठेवावी, आणि पुढचा महिना बंद करताना मागच्या तीन महिन्यांचे आकडे प्रणालीतून पुन्हा काढून त्या बेरजांशी ताडून पाहावेत. ४१७ सारखे प्रकरण अशा तपासणीत ग्राहकाचा खातेउतारा येण्याच्या आधीच सापडते, आणि तेव्हा ते पूर्ववत करायला पाठवलेली पहिली प्रत ईमेलमध्ये सहज मिळते.